घामोळ्यावर पावडरचा थर नको

रत्नागिरीकडचा मे महिना आणि तीन महिन्यांचं बाळ. सकाळी खोबरेल तेलाचं मालीश, गरम पाण्याने अंघोळ, मग मानेच्या वळ्यांत भरपूर पावडर. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वर दुपटं आणि खाली मेणकापड. दोन दिवसांत मान आणि पाठ टाचणीच्या टोकाएवढ्या लाल पुटकुळ्यांनी भरते. घरचे ओळखतात, घामोळं आलंय. आणि पावडर आणखी लावतात.

तान्ह्या बाळाच्या घामाच्या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. दमट हवेत घाम वाळत नाही, कातडी ओली राहून फुगते आणि नळ्यांची तोंडं बंद होतात. घाम आतच झिरपतो. अगदी वर अडकला तर पाण्याच्या इवल्या फोडी येतात, जरा खोल अडकला तर लाल, खाजरे दाणे. म्हणजे लढाई कातडीशी नसून घामाशी आहे. घाम थांबला की घामोळं सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतं.

म्हणून या बाळाचं टोपडं आणि दुपटं आधी काढा. घरात असताना एक पातळ, सैल मलमलचं झबलं पुरे. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी याला उत्तम. मेणकापड घाम जिरू देत नाही, ते काढून त्या जागी सुती चादर घाला. पंखा सुरू असू द्या, ‘वारं लागेल’ ही भीती सोडा. बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही. मानेमागे हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर कपडा कमी करायचा.

अंघोळ कोमट पाण्याची. डाळीचं पीठ चोळू नका, साबण अगदी थोडा वापरा. नंतर वळ्यांतलं पाणी मऊ कपड्याने टिपून घ्या आणि अंग थोडा वेळ उघडं ठेवा. घामोळं जाईपर्यंत तेल बंद, कारण त्याचा थर तोंडं आणखी बंद करतो. पावडर घामात भिजून वळ्यांत गोळा होते आणि तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते, तो धोका वेगळाच. उरलेलं स्टेरॉइडचं मलम तर मुळीच लावू नये. सहा महिन्यांआतील बाळाला वरचं पाणी नको, अंगावरच जास्त वेळा पाजा.

वळीच्या अगदी तळाशी लालभडक, ओलसर चट्टा आणि कडेला सुटे दाणे दिसले तर ते बहुधा बुरशीचं असतं. त्याला वेगळं औषध लागतं. पू धरला, कातडी गरम होऊन सुजली, दोन-तीन दिवस गार ठेवूनही पुरळ वाढतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, किंवा तीन महिन्यांआतील बाळाला 38 अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप असला, तर त्याच दिवशी न्या.