घटस्फोट झाला, हप्ता सुटला नाही

पुण्यातल्या पिंपळे सौदागरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. उदाहरण म्हणून समजा, सात वर्षांपूर्वी नवरा-बायकोने मिळून घेतला. दोघांच्या नावावर घर, दोघांच्या नावावर कर्ज: 45 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता 39,052 रुपये. आता दोघं वेगळे होताहेत. कौटुंबिक न्यायालयात दिलेल्या संमतीच्या अटींत लिहिलंय की घर तिचं आणि यापुढचे हप्तेही तीच भरेल. निकाल लागतो. दीड वर्षाने तो स्वतःसाठी घर बघायला जातो, तेव्हा बँक सांगते, ‘‘तुमच्या नावावर आधीच 34 लाखांच्या वर कर्ज दिसतंय.’’

न्यायालयाने सोडवलं आणि बँकेने धरून ठेवलं, असं त्याला वाटतं. पण बँक त्या दाव्यात पक्षकारच नव्हती. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 43 प्रमाणे, दोघांनी मिळून दिलेलं वचन देणेकऱ्याला दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करता येतं. संमतीच्या अटी नवरा-बायकोमधल्या असतात. तिने हप्ते थकवले तर त्या अटींच्या जोरावर तो तिच्याकडून पैसे मागू शकेल, पण बँकेला ‘मला विचारू नका’ म्हणू शकणार नाही. त्याला मोकळं करायचं तर बँकेने स्वतः तयार व्हावं लागतं आणि जुन्या कराराच्या जागी नवा करार करावा लागतो.

म्हणूनच सहकर्जदाराचं नाव काढणं हा नावदुरुस्तीचा अर्ज नसतो. बँकेच्या दृष्टीने दोन पगारांच्या भरवशावर दिलेलं कर्ज आता एका पगारावर उभं राहणार असतं. त्यामुळे ती नव्या कर्जासारखीच तपासणी करते: राहणाऱ्या व्यक्तीच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म 16 किंवा प्राप्तिकर विवरणपत्रं, बँक खात्याचा उतारा, क्रेडिट स्कोअर, आणि बहुतेक वेळा घराचं नवं मूल्यांकन. याशिवाय दोघांच्या सह्यांचा अर्ज लागतो. बाहेर पडणाऱ्याचीही सही हवी. हप्ते थकले असतील तर आधी ते भरावे लागतात. निकालपत्र किंवा संमतीच्या अटी बँक मागते, पण घर कुणाकडे जातंय हे पाहण्यासाठी.

आता आपल्या उदाहरणातला हिशेब. सात वर्षांनंतर शिल्लक कर्ज सुमारे 36 लाख 80 हजार. घराची आजची किंमत 80 लाख धरली, तर तारण भरपूर आहे. अडतं ते पगारावर. तिच्या हातात महिन्याला 62,000 येतात. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जावेत, असा या बँकेचा नियम धरू. म्हणजे मर्यादा 31,000 ची. त्यात गाडीच्या कर्जाचा 6,000 चा हप्ता चालू आहे. उरले 25,000. चालू हप्ता 39,052 चा. अर्ज इथेच नामंजूर होतो.

पण याच आकड्यांत वाट सापडते. तिचं वय 36. मुदत उरलेल्या 13 वर्षांऐवजी पुन्हा 20 वर्षं केली तरी कर्ज निवृत्तीआधी फिटतं. त्या मुदतीत 25,000 च्या हप्त्यावर सुमारे 28 लाख 80 हजारांचं कर्ज बसतं, म्हणजे आठ लाख कमी पडतात. मात्र गाडीचं कर्ज आधी फेडून टाकलं, तर 31,000 चा पूर्ण हप्ता घराला मिळतो आणि पात्रता 35 लाख 70 हजारांवर जाते. गाडीच्या कर्जाचे समजा सव्वा-दीड लाख उरले असतील. तेवढ्यात घराच्या कर्जाची पात्रता जवळपास सात लाखांनी वाढली. राहिलेला एक लाख दहा हजारांचा फरक रोख भरला की बँकेला हिशेब मान्य होण्यासारखा होतो. किंमत मात्र मोजावी लागते: जुन्या मुदतीत यापुढे सुमारे 24 लाख व्याज गेलं असतं, लांबवलेल्या मुदतीत ते साडेअडतीस लाखांच्या पुढे जातं. हे टाळायचं असेल आणि वडील किंवा भाऊ कमावते असतील, तर त्यांना सहकर्जदार म्हणून घेता येतं.

नवऱ्याला त्याच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे ठरलं असेल, तर तो आकडाही याच हिशेबात धरावा. त्यासाठी तिने वैयक्तिक कर्ज काढलं, तर त्याचा हप्ता पुन्हा त्याच 31,000 मधून वजा होतो.

कर्जाइतकाच महत्त्वाचा धागा मालकीचा. जितके सहमालक तितके सहकर्जदार, असा बँकांचा रिवाज आहे. म्हणून नवऱ्याचा हिस्सा तिच्या नावावर नोंदणीकृत दस्ताने यावा लागतो. घर गहाण असल्याने त्यालाही बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. इथे वेळेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. ही सवलत नातं असेपर्यंतच. घटस्फोटानंतर दोघं कायद्याने परके. शिवाय बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू. वीस लाख घेऊन सोडलेल्या हिश्श्याला बक्षीसपत्र म्हणता येत नाही. तिथे हक्कसोडपत्र होतं आणि एकत्र विकत घेतलेल्या घराच्या बाबतीत त्याला हिश्श्याच्या बाजारमूल्यावर शुल्क लागतं.

सगळ्यात महागात पडते ती क्रमाची चूक. नवरा भल्या मनाने आधी दस्त करून देतो आणि कर्जाचं नंतर बघू म्हणतो. मग बँक तिचा अर्ज नाकारते. घर गेलं, देणं राहिलं. तिच्या बाजूने उलटी चूक होते: ती वर्षानुवर्षं एकटी हप्ते भरते आणि अर्धं घर त्याच्याच नावावर राहतं. म्हणून आधी बँकेची लेखी मंजुरी, मग दस्ताची नोंदणी, मग नवा कर्जकरार आणि तिच्या एकटीच्या नावाने नवं गहाणखत. हप्ता त्याच्या खात्यातून कापला जात असेल, तर तो आदेशही तेव्हाच बदलायचा. हे सगळं परस्परसंमतीच्या अर्जावर अंतिम निकाल येण्याआधी उरकता येतं. निदान बँकेने नकार दिल्यास अमुक महिन्यांत घर विकायचं, अशी अट संमतीच्या अटींत लिहून घ्यावी.

बँक नाहीच म्हणाली तर? तिला भाग पाडता येत नाही. कर्ज कुणाला द्यायचं हा तिचा व्यावसायिक निर्णय, लोकपालही त्यात पडत नाही. पण दुसऱ्या बँकेकडे जाता येतं. नवी बँक तिच्या एकटीच्या नावाने कर्ज देते, जुनं कर्ज पूर्ण फिटतं आणि नवरा आपोआप सुटतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

शेवटी बाहेर पडणाऱ्याने दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. ‘तुम्हाला या कर्जातून मुक्त केलं आहे’ असं बँकेचं पत्र हातात हवं. आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून बघावा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात ते कर्ज अजून चालू दिसत असेल, तर तिने चुकवलेला प्रत्येक हप्ता त्याच्याही नावे नोंदला जाईल.