बलक बदनाम, खोबरं मोकळं

नांदेड-लातूरकडे रविवारी अंड्याचा रस्सा होतो, तेव्हा हृदयाचा त्रास असलेला माणूस एक गोष्ट हमखास करतो. पिवळा बलक काढून ठेवतो आणि भाकरी कुस्करून रस्सा मात्र वाटीभर ओरपतो. मला हे बघवत नाही, कारण त्याने चुकीची वस्तू बाजूला काढलेली असते.

हिशोब करू. चार माणसांसाठी आठ अंडी आणि वाटणात भाजलेलं 60 ग्रॅम सुकं खोबरं. एका अंड्यात साधारण 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपासच. म्हणजे दोन अंड्यांतून तीन ग्रॅम. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल शून्य, ते कुठल्याच झाडाच्या फळात नसल्यातच जमा असतं. मात्र 60 ग्रॅम खोबऱ्यात सुमारे 34 ग्रॅम संपृक्त चरबी भरते. माणशी साडेआठ ग्रॅम. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने ही चरबी 22 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं. जेवणातून जास्त आलं, तर बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन आवरतं. संपृक्त चरबीचं तसं नाही. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात. ही चरबी जास्त झाली की ते ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. खोबरेल तेलाच्या 16 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे 10 अंकांनी जास्त भरलं. चांगलं कोलेस्टेरॉलही थोडं वाढलं, पण औषधांनी ते वाढवून झटके कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून त्यावर विसंबू नये.

2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना रोज दोन अंडी दिली, पण संपृक्त चरबी कमी ठेवली. एलडीएल वाढलं नाही, उलट घटलं. या अभ्यासाला अंडी उद्योगाचा पैसा होता, हे सांगायला हवं. शिवाय 2019 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा अधिक आढळला होता, तर पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तसं दिसलं नाही. त्यामुळे निरोगी माणसाला रोजचं एक अंडं चालतं, असं मी म्हणेन. मधुमेह असेल, झटका येऊन गेला असेल किंवा घराण्यातच एलडीएल फार चढं असेल, तर अंड्यांची संख्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

खोबरं हद्दपार करायची गरज नाही. चार माणसांच्या वाटणात 60 ऐवजी 20 ग्रॅम खोबरं घ्या, 20 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि कांदा वाढवा. रस्सा दाटच होतो, आणि वाटणातली माणशी संपृक्त चरबी साडेआठवरून सव्वातीन ग्रॅमवर येते. पुढच्या रविवारी डॉक्टरांची ना नसेल तर बलक खा, खोबरं मात्र मोजून घ्या.