‘झालं गेलं’ कुणी म्हणायचं?

समजा, आईवडील गेले आणि मागे सहा एकर जमीन राहिली. वारस तिघं, दोन भाऊ आणि एक बहीण. थोरला गावात राहून सगळं रान कसतो, सोसायटीचं कर्जही त्यानंच फेडलं. धाकटा पुण्यात नोकरीला. बहीण सासरी, पण सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलेलं. थोरला म्हणतो, राबलो मी. धाकटा म्हणतो, उत्पन्नातला दाणा मला दिसला नाही. बहीण म्हणते, मला कुणी विचारलंच नाही. तिघांचंही ऐकलं, तर कुणाचंच खोटं वाटत नाही.

अशा बैठकीत एखादा जाणता हमखास म्हणतो, ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ म्हण चांगलीच आहे, पण ती कुणाच्या तोंडून येते यावर सगळं ठरतं. ज्याच्या ताब्यात रान आहे तो म्हणाला, तर समोरच्याला ऐकू येतं, ‘तुझा वाटा विसर.’ ज्याला डावललं गेलं तो म्हणाला, तर तीच माफी. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ हीसुद्धा चावा सोसलेल्यानं म्हणायची. दातांनी म्हटली की ओठ आणखी सुजतात. मध्यस्थाला शोभते ती ‘काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही’, कारण काठी कुणी मारली हे ती सांगतच नाही. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हीही त्यातलीच, मात्र ती सगळ्यांकडे बघून म्हणावी. एकट्या बहिणीकडे बघून म्हटली की तो सल्ला राहत नाही, दबाव होतो.

खरी गफलत कागदावर होते. मन मोकळं झालं, डोळे पुसले, की लगेच कुणीतरी हक्कसोडपत्र पुढे करतं. अपराध पोटात घालणं वेगळं आणि हिस्सा सोडणं वेगळं. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिनं तो राखला म्हणून माया आटली असं होत नाही, आणि सोडला तर तो तिच्या राजीखुशीनं सुटायला हवा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागाहून फिरवणं फार अवघड असतं.

उलट, थोरल्यानं फेडलेलं कर्ज आणि विहिरीवर केलेला खर्च आधी हिशेबात मांडला, तर त्याचाही ताठा उतरतो. कुणी तरी आपले कष्ट मोजले, एवढंच त्याला पुष्कळदा हवं असतं. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात, कारण वाटणी झाल्यावरही पहिलं भांडण बहुधा तिथंच पेटतं. गोड बोलायला संक्रांतीचा तिळगूळ आहेच, पण पाळ्या वाटणीपत्रात लिहून घेतलेल्या बऱ्या.

मध्यस्थ म्हणून जाणार असाल, तर सातबाऱ्याचा ताजा उतारा बरोबर न्या, तिघांचं बोलणं पुरतं होऊ द्या आणि ‘झालं गेलं’ हे शब्द तुम्ही आधी उच्चारू नका.