गॅलरीची सळई घरात कुठवर न्यावी?
बीमचा बाक जेथे उलटतो, तो बिंदू शोधण्याचे गणित आणि त्यातील एक धोका

पांझरेच्या पलीकडील देवपुरात गेल्या काही दशकांत बंगले आणि अपार्टमेंट यांची दाटी झाली. यातील बहुतेक इमारतींना रस्त्याच्या बाजूने गॅलरी असते आणि तिच्याखाली खांब नसतो. खोलीच्या छतातील बीमच दर्शनी खांबावरून पुढे बाहेर काढलेला असतो. अभियांत्रिकीच्या भाषेत हा ‘ओव्हरहँगिंग बीम’. त्याचे गणित देवपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या प्रारंभीच्या वर्षांत सोडवावे लागते. मात्र त्या उत्तराचा अर्थ नीट न कळल्यास त्याची किंमत गॅलरीत उभे राहणाऱ्याला मोजावी लागते.

दोन खांबांवर ठेवलेली फळी मध्यभागी दाबली की ती खाली झोळते. तिचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि वरचा दाबला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. म्हणून साध्या बीममध्ये मुख्य सळई खाली असते. फळीचे टोक खांबाबाहेर काढून त्यावर वजन ठेवले, तर खांबाजवळ ती वरच्या बाजूस फुगते आणि ताण वर येतो. अर्थात, तेथे सळईही वर हवी. एकाच बीममध्ये खोलीच्या मध्यभागी झोळ आणि दर्शनी खांबावर फुगवटा असेल, तर या दोहोंच्या दरम्यान बाक उलटण्याची एक जागा असणारच. तिला कॉन्ट्राफ्लेक्शरचा बिंदू म्हणतात. तेथे बीमला वाकवू पाहणारा परिणाम, म्हणजेच बेंडिंग मोमेंट, शून्य होऊन आपले चिन्ह बदलतो.

एक उदाहरण घेऊ. खोलीच्या दोन खांबांमधील अंतर ४ मीटर, गॅलरी २ मीटर आणि बीमवर सर्वत्र दर मीटरला २ टन भार आहे. एकूण भार १२ टन झाला. त्याचा मध्य आतल्या खांबापासून ३ मीटरवर येतो. आतल्या खांबाभोवती या भाराचा मोमेंट १२ गुणिले ३, म्हणजे ३६ टन-मीटर. तो तोलण्याचे काम ४ मीटरवरील दर्शनी खांब करतो. म्हणून त्याच्यावर ९ टन येतात आणि आतल्या खांबाच्या वाट्याला अवघे ३ टन उरतात. दर्शनी खांबावर तिप्पट ओझे पडते, हे पहिल्या नजरेत अनेकांना खरे वाटत नाही.

आता आतल्या खांबापासून गॅलरीकडे चालत जायचे. खांब ३ टनांनी वर रेटतो आणि प्रत्येक मीटरमागे २ टन वजा होत जातात. दीड मीटरवर ही शिल्लक शून्य होते. या शिलकीला कर्तन बल म्हणतात आणि जेथे ते चिन्ह बदलते, तेथे मोमेंट कमाल असतो. दीड मीटरवरचा मोमेंट ३ गुणिले १.५, म्हणजे ४.५, त्यातून तोवरच्या ३ टन भाराचा पाऊण मीटर भुजेवरचा परिणाम, २.२५, वजा केला की उरतात २.२५ टन-मीटर. हा झोळीचा कमाल मोमेंट होय.

पुष्कळ विद्यार्थी येथेच उत्तराखाली दुहेरी रेघ मारतात आणि चुकतात. कर्तन बल आणखी एका ठिकाणी चिन्ह बदलते. दर्शनी खांबाच्या आतल्या बाजूस ते उणे ५ टन असते आणि खांबाच्या ९ टनांच्या रेट्याने एकदम अधिक ४ होते. तेथील मोमेंट बाहेरून मोजणे सोपे : गॅलरीवरचे ४ टन १ मीटर भुजेवर, म्हणजे ४ टन-मीटर, तोही फुगवटा आणणारा. बीममधील सर्वांत मोठा मोमेंट हाच आहे आणि तो खोलीच्या पोटात नसून खांबाच्या माथ्यावर आहे.

बाक उलटण्याची जागा याच हिशेबातून मिळते. आतल्या खांबापासून ३ मीटरवर रेट्याचा मोमेंट ३ गुणिले ३, म्हणजे ९ आणि ६ टन भाराचा दीड मीटर भुजेवरचा मोमेंटही ९. दोन्ही फिटले, शून्य उरले. म्हणजे बिंदू दर्शनी खांबापासून आत १ मीटरवर आला. समीकरण सोडवताना आतल्या खांबावरही शून्य मिळते. पण तेथे चिन्ह बदलत नाही, तो केवळ बीमचा शेवट आहे.

पाठ्यपुस्तकातील उदाहरण येथे संपते. खरी इमारत मात्र एकाच भाराखाली राहत नाही. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत घरातील मंडळी गॅलरीत गर्दी करतात आणि खोली रिकामी पडते. समजा, खोलीवर बांधकामाचाच दर मीटरला १ टन भार उरला आणि गॅलरीवर २ टन कायम राहिले. दर्शनी खांबावरचा मोमेंट तोच, ४. आतल्या खांबावर मात्र आता केवळ १ टन येतो आणि शून्याचा बिंदू त्या खांबापासून २ मीटरवर सरकतो. दर्शनी खांबापासूनचे अंतर १ मीटरवरून २ मीटर झाले! उलट गॅलरी रिकामी आणि खोली भरलेली असेल, तर हाच बिंदू दर्शनी खांबापासून अर्ध्या मीटरवर येतो आणि खोलीतील झोळीचा मोमेंट २.२५ वरून ३.०६ वर चढतो.

म्हणजे कॉन्ट्राफ्लेक्शरचा बिंदू बीमवर खूण करून ठेवता येईल असा नाही. तो भारानुसार हिंडतो. जर्मन अभियंता हाइनरिश गेर्बर याने १८६७ मध्ये हासफुर्ट येथील पुलात अशा जागी बिजागरीच बसवून त्याला एका ठिकाणी बांधून टाकले. घराच्या बीममध्ये ती सोय नसते. म्हणून वरच्या सळया सर्वांत प्रतिकूल भाराच्या हिशेबाने आत न्याव्या लागतात आणि बिंदूच्याही पुढे काही लांबी ठेवावी लागते. भारतीय मानक ४५६ नुसार खांबावरील वरच्या सळयांपैकी किमान एक तृतीयांश सळया बिंदूपलीकडे बीमची प्रभावी खोली, सळईच्या व्यासाची १२ पट किंवा खांबांमधील मोकळ्या अंतराचा सोळावा भाग, यांपैकी जे मोठे असेल तितक्या न्याव्या लागतात. ४०० मिलिमीटर प्रभावी खोलीच्या आपल्या बीममध्ये ही लांबी २ मीटर अधिक ४० सेंटिमीटर, म्हणजे खांबापासून २.४ मीटर आत भरते. पहिल्याच उत्तरावर विसंबून १ मीटरवर सळई कापणारा गवंडी मिरवणुकीच्या दिवशी बीमचा मोठा भाग वरच्या सळईविना सोडतो.

गॅलरी आणखी पुढे काढली तर हा बिंदू आतल्या खांबाकडे सरकत जातो. याच भारांवर ती २.८३ मीटर झाली की बिंदू थेट त्या खांबावर पोचतो आणि खांबावरचा भार शून्य होतो. त्यापुढे बीमचे आतले टोक उचलू लागते. त्याला धरून ठेवायला वरच्या मजल्याचे वजन किंवा खांबात घट्ट गुंतवलेली सळईच हवी.

हिशेब बरोबर असला तरी सळई जागेवर राहील याची खात्री नसते. काँक्रीट ओतताना मजूर वरच्या जाळीवरून चालतात. तिला खालून आधार देणाऱ्या चेअर नसतील, तर ती पायाखाली दबून बीमच्या मध्याशी जाते. सळई कागदावर वर असते, प्रत्यक्षात खाली. पडणारी भेग दर्शनी खांबाजवळ वरच्या बाजूस, फरशीखाली असते. म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. खांबाजवळच्या छतावर पावसाळ्यात ओल उमटणे किंवा गॅलरीच्या फरशीत भिंतीला समांतर रेघ उठणे, ही तिची बाहेरची खूण. गॅलरीचे टेकू काढतानाही क्रम असतो. ते मोकळ्या टोकाकडून खांबाकडे काढतात. खांबाजवळचे आधी काढले आणि टोकाचे ठेवले, तर गॅलरी काही काळ दोन टेकूंवरची फळी बनते आणि ज्या खालच्या बाजूला पुरेशी सळई नाही, तीच ताणली जाते.