जिमची खरी फी किती?

‘वर्षाचे एकदम भरा, दिवसाला वीस रुपयेही पडत नाहीत!’ जिमच्या काउंटरवर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हिशेब चुकीचा नाही, फक्त त्यात वर्षाचे ३६५ दिवस धरलेत. तुम्ही ३६५ दिवस जाणार आहात का?

समजा, तुम्ही मेडशीहून मालेगावच्या एखाद्या जिममध्ये जाता. उदाहरणापुरती वर्षाची फी ६,००० रुपये आणि ॲडमिशन ५०० धरू, म्हणजे एकूण ६,५००. तिथेच एका दिवसाचे ५० रुपये घेतात असं समजा. आता ६,५०० ला ५० ने भागा, उत्तर १३०. वर्षात १३० पेक्षा जास्त वेळा गेलात तरच वार्षिक फी परवडली. म्हणजे महिन्याला साधारण अकरा दिवस.

सोपं वाटतं ना? मग वर्ष नीट मांडून बघा. पहिले दोन महिने जोश असतो, वीस-वीस दिवस धरा, झाले ४०. पुढचे चार महिने दहा-दहा दिवस, आणखी ४०. उरलेल्या सहा महिन्यांत परीक्षा, दिवाळी, लग्नसराई, शेतातली कामं. महिन्याला दोनच दिवस, म्हणजे १२. एकूण ९२. आता ६,५०० भागिले ९२, एक खेप सुमारे ७१ रुपयांना पडली. रोजचे पैसे दिले असते तर ४,६०० तच भागलं असतं.

एसटीचं भाडं? ते दोन्हीकडे सारखंच लागतं, त्यामुळे १३० चा आकडा बदलत नाही. पण बस चुकली की खेप बुडते, हे मात्र धरा.

हे फक्त आपलंच नाही. स्टेफानो डेलाविग्ना आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांचे हजेरीचे रेकॉर्ड तपासले. २००६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात, महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे सरासरी ४.३ वेळाच येत होते. त्यांना एक खेप १७ डॉलरच्या वर पडत होती. दहा खेपांचा पास घेतला असता तर १० डॉलरमध्ये झालं असतं.

गडबड भागाकारात नसते, ‘मी किती वेळा जाईन’ या अंदाजात असते. म्हणून पैसे भरण्याआधी एक-दोन महिने रोजचे किंवा महिन्याचे पैसे देऊन जा आणि प्रत्येक खेपेची कॅलेंडरवर खूण करा. पोलीस भरतीसाठी जात असाल तर मैदानी चाचणीपर्यंतचेच महिने मोजा; चाचणी झाली की बहुतेकांची जिम सुटते.

आणि खुणा आठवड्याला चार पडत असतील, तर बिनधास्त वर्षाचे भरा. असे ४३ आठवडे गेलात तर १७२ खेपा होतात, एक पडते ३८ रुपयांना. तेव्हा मात्र रोजचे ५० देणं महाग!