मोजके बोलावे, त्याहून मोजके लिहावे

मानसिक आजाराची गोष्ट साहेबांच्या कानावर घालायची, तर कर्मचारी ती बहुधा भलत्याच निमित्ताने काढतो: रजेचा अर्ज देताना किंवा चुकीबद्दल बोलणी खाताना. त्या क्षणी व्यवस्थापकाने निदानाच्या मागे लागू नये. कधीपासून, कशामुळे, घरी काही झाले का, हे प्रश्न डॉक्टरांचे आहेत.

समजा, हिशेब विभागातील एक कर्मचारी म्हणते, “सर, मला डिप्रेशन आहे, गोळ्या सुरू झाल्यात. सकाळी डोकं जड असतं.” यावर “अहो, टेन्शन सगळ्यांनाच असतं” हे उत्तर सर्वांत वाईट, पुढचे सगळे बोलणे तिथेच थांबते. बरे उत्तर असे: “सांगितलंत ते बरं झालं. कामात नेमकी अडचण कुठे येते? काय बदललं तर सोपं जाईल? आणि हे कुणाला कळलेलं चालेल?” “कुणालाही सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नये. वेळ बदलायची तर एचआरला कळवावे लागते, आणि जिवाला धोका दिसला तर मदत बोलवावीच लागते. ही मर्यादा आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे.

नोंद त्याच दिवशी करावी, तीही कामापुरती: “वैद्यकीय कारणास्तव 6 आठवडे कामाची वेळ साडेनऊऐवजी साडेदहा ते साडेसहा. आढावा 15 तारखेला. माहिती फक्त एचआरमधील संबंधित व्यक्तीला, कर्मचाऱ्याच्या संमतीने.” आजाराचे नाव, गोळ्यांची नावे आणि “खचलेली वाटते” यासारखे अंदाज त्यात नकोत. मजकूर तिला दाखवावा. डॉक्टरांचा दाखला लागलाच तर तो थेट एचआरकडे जावा आणि नेहमीच्या सेवा फाइलपासून वेगळा, कुलपात राहावा.

गुपित फुटते ते बहुतेक वेळा गप्पांतून नव्हे, निष्काळजीपणातून. सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरवर “मानसिक आरोग्य आढावा” असे लिहिले जाते, ईमेलच्या सीसीमध्ये सारा विभाग येतो. सहकाऱ्यांनी विचारले तर “त्यांची वेळ बदलली आहे” एवढे पुरते. वार्षिक मूल्यमापनात आजाराचा उल्लेख येऊ नये. कामातील चूक असेल तर ती चूक म्हणूनच, तारखेसह लिहावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील गोपनीयतेचे कलम उपचार करणाऱ्यांना बांधते, व्यवस्थापकाला थेट नाही. त्याच्यावरचे बंधन कंपनीच्या धोरणातून येते, म्हणून ते धोरण आधीच वाचलेले असावे. सरकारी आस्थापनेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, आणि या कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे.

कर्मचाऱ्याला तातडीने कुणाशी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.