तांदळाची वही, संगणकावर

नाशिक जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना सर्वात धाकात ठेवणारी वही म्हणजे शालेय पोषण आहाराची साठा नोंदवही. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आरंभीची शिल्लक, आवक, वापर, अखेरची शिल्लक: हिशेब एवढाच, पण रोजचा.

ही वही टंकताना बहुतेक जण शिल्लकही जशीच्या तशी उतरवतात. मग तक्ता म्हणजे वहीची छापील नक्कल होते, आणि चूकही छापली जाते. शिल्लक संगणकाला काढू द्यावी. वहीतली शिल्लक वेगळ्या रकान्यात, फक्त ताडून पाहण्यासाठी ठेवावी.

रकाने असे: A दिनांक, B आरंभीची शिल्लक, C आवक, D हजेरी, E वापर, F काढलेली शिल्लक, G वहीतली शिल्लक, H फरक, I हजेरीशी ताळा. पहिली आरंभीची शिल्लक तेवढी हाताने भरायची.

```
F2: =B2+C2-E2
B3: =F2
H2: =ROUND(F2-G2,3)
I2: =ROUND(E2-D2*0.1,3)
```

I2 मधले 0.1 पाचवीपर्यंतच्या वर्गांचे; सहावी ते आठवीला 0.15 घ्यावे. ROUND नसेल तर दशांशांच्या अंतर्गत गणितामुळे शून्याऐवजी कधीकधी भलताच सूक्ष्म आकडा दिसतो.

पाचवीपर्यंतच्या एका शाळेचे तीन दिवस पाहू (आकडे उदाहरणापुरते). सोमवारी आरंभी २१२.४०० किलो, हजेरी ८६, वापर ८.६००, शिल्लक २०३.८००. मंगळवारी हजेरी ८४, म्हणून शिल्लक १९५.४००, वहीत मात्र १९४.५००. बुधवारी १५० किलो आवक, ९१ मुले. संगणक ३३६.३०० म्हणतो, वही ३३५.४००. फरक दोन्ही दिवशी ०.९०० आणि पुढेही तोच राहतो. म्हणून शोध फक्त फरक पहिल्यांदा दिसला त्या ओळीत घ्यायचा. १९५४ चे १९४५ झाले, की फरक ९ पडतो. ९ ने भाग जाणारा फरक दिसला तर शेजारचे दोन अंक उलटले असल्याची शंका आधी घ्यावी. फरक एकाच ओळीत येऊन नाहीसा झाला, तर बहुधा G रकान्यातला आकडाच चुकीचा वाचला आहे. हस्ताक्षरात १ आणि ९ चा घोळ नेहमीचा.

आणखी एक सापळा पानाच्या माथ्यावर असतो: ‘मागील पानावरून’. ती ओळ आवक म्हणून टंकली, की साठा एकदम फुगतो. त्या ओळीला तक्त्यात जागाच नको. एखादा आकडा पेशीत डावीकडे चिकटला असेल तर तो मजकूर म्हणून गेला आहे; बेरजेत SUM त्याला मुकाट्याने वगळतो.

मूळ वहीतली चूक सापडली तरी खाडाखोड करू नये. जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी दुरुस्त आकडा, शेरा आणि मुख्याध्यापकांची सही. तक्त्यातही G तसाच ठेवावा. आणि ताळा जुळला तरी खोलीत तेवढाच तांदूळ आहे हे त्यातून कळत नाही. महिनाअखेर फुटलेले पोते काट्यावर ठेवावे लागते, बंद पोती मोजावी लागतात.